बँक स्टेटमेंटची पीडीएफ एक्सेलमध्ये आणताना या चुका टाळा : जमेचा आकडा नावे रकान्यात का जातो?

मुंबईतल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या खजिनदाराला एप्रिल ते जूनमध्ये एक काम चुकत नाही. वर्षभराचं बँक स्टेटमेंट समोर घ्यायचं, कोणत्या फ्लॅटचा मेंटेनन्स कधी जमा झाला ते लावायचं आणि ऑडिटरकडे ताळमेळ द्यायचा. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा असते, त्यामुळे हे फार लांबवताही येत नाही. बँकेकडून मेलवर येते ती पीडीएफ आणि ऑडिटरला हवी असते एक्सेल शीट. मधल्या प्रवासात ओळी तुटतात, रकाने सरकतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शीट दिसायला अगदी व्यवस्थित दिसते.

सुरुवातीलाच एक सांगतो. नेट बँकिंगमध्ये स्टेटमेंट एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये उतरवून घ्यायची सोय असेल तर तीच वापरा आणि पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. पण पुष्कळ सोसायट्यांची खाती अशा शाखांत असतात जिथे ती सोय नाही, किंवा मागच्या कमिटीकडून जुन्या वर्षाची फक्त पीडीएफच हातात येते. हा लेख त्यांच्यासाठी.

पीडीएफमध्ये तक्ता असतो, असं समजणं

डोळ्यांना तक्ता दिसतो, पण बहुतेक स्टेटमेंटांच्या फाइलमध्ये तक्ता नावाची वस्तूच नसते. फाइलमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की हे अक्षर पानाच्या डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर आणि इतक्या उंचीवर छापायचं. रेघा असल्या तर त्या वेगळ्या काढलेल्या असतात, त्यांचा अक्षरांशी काही संबंध नसतो. ‘हा आकडा जमा रकान्यातला’ अशी नोंद कुठेच नसते. आणि रिकामा खाना म्हणजे तर काहीच नाही, कारण तिथे छापायला काही नव्हतं.

बँक स्टेटमेंट इतकं त्रास देतं ते या शेवटच्या गोष्टीमुळे. प्रत्येक व्यवहारात नावे, म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम, आणि जमा यांपैकी एक खाना रिकामाच असतो. चेक नंबरचा खाना तर बहुतेक ओळींत रिकामा असतो. पीडीएफमधून सगळं सिलेक्ट करून एक्सेलमध्ये पेस्ट केलं की रिकाम्या जागा गळून पडतात आणि ओळीत राहतात फक्त तारीख, तपशील आणि दोन आकडे. पहिला आकडा पैसे आल्याचा की गेल्याचा, हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पानावरची त्याची जागा. नेमकी तीच हरवते.

कामाला लागण्याआधी एक साधी तपासणी करा. पीडीएफ उघडून एखाद्या आकड्यावर माउस फिरवा आणि तो निवडला जातो का बघा. निवडला गेला तर फाइलमध्ये खरी अक्षरं आहेत. पूर्ण पान एखाद्या फोटोसारखं निळं झालं किंवा काहीच निवडलं गेलं नाही, तर ती स्कॅन केलेली प्रत आहे. तिची गोष्ट वेगळी, शेवटी बोलू.

रकाने कुठे संपतात हे सॉफ्टवेअरला ठरवू देणं

एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत `Data > Get Data > From File > From PDF` अशी सोय आहे. फाइल दिली की ती `Table001 (Page 1)`, `Table002 (Page 2)` असे तक्ते शोधून दाखवते. ती रकाने ओळखते अंदाजाने. पानावर उभी मोकळी पट्टी कुठे कुठे दिसते ते बघते आणि तिथे रकाना तोडते. आता समजा, एखाद्या पानावर एकही चेक वटलेला नाही. मग त्या पानावर चेक नंबरच्या रकान्यात शीर्षकाखेरीज काहीच नसतं, आणि शीर्षकही पहिल्याच पानावर छापलेलं असेल तर तो रकाना त्या पानापुरता अस्तित्वातच नसतो. पहिल्या पानाला सहा रकाने, तिसऱ्याला पाच. हे तक्ते एकाखाली एक जोडले की तिसऱ्या पानापासून सगळे आकडे एक घर डावीकडे सरकतात.

म्हणून जोडण्याआधी प्रत्येक पानाच्या तक्त्याचे रकाने मोजा. दर पानावर शीर्षक छापलेलं असेल तर आधी प्रत्येक तक्त्यात `Use First Row as Headers` करा आणि मगच `Append` करा. एक्सेल तक्ते जोडताना रकान्यांची नावं जुळवतं. नावं `Column4`, `Column5` अशीच राहिली तर चुकीचे रकाने एकमेकांखाली येतात. खरी शीर्षकं असली तर नसलेला रकाना नुसता रिकामा राहतो आणि बाकीचे आपापल्या जागी बसतात.

पण बारा महिन्यांचं स्टेटमेंट असेल आणि दर पानावर अंदाज बदलत असेल, तर मला विचाराल तर अंदाज करू देणंच बंद करावं. स्टेटमेंटच्या प्रत्येक पानावर रकाने एकाच जागी छापलेले असतात. त्या जागा एकदा मोजून सांगितल्या की काम संपलं. यासाठी टॅब्युला हे फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, त्याला जावा लागतं. सोसायटीच्या सभासदांची नावं आणि खाते क्रमांक असलेली फाइल कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावर चढवायची वेळ येत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जागा मोजायला फूटपट्टी पुरते. स्टेटमेंटचं एक भरगच्च पान छापा. छापताना `Actual size` निवडा, कारण ‘पानात बसवा’ निवडलं तर मापं बदलतात. आता कागदाच्या डाव्या कडेपासून प्रत्येक रकान्याची सीमा मिलिमीटरमध्ये मोजा. पीडीएफ पॉइंटमध्ये मोजते आणि 72 पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजे 25.4 मिलिमीटर. त्यामुळे मिलिमीटरला 2.8346 ने गुणायचं. समजा, तारखेचा रकाना 33 मिलिमीटरवर संपतो, तपशील 98 वर, चेक नंबर 118 वर, नावे 145 वर आणि जमा 172 वर. गुणाकार करून आकडे येतात 94, 278, 334, 411 आणि 488. शिल्लक रकाना शेवटचा, त्याला उजवी सीमा द्यावी लागत नाही. टॅब्युलाच्या `tabula-java` या कमांड लाइन आवृत्तीची जार फाइल `tabula.jar` नावाने स्टेटमेंटच्याच फोल्डरमध्ये ठेवून, तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून आज्ञा अशी द्यायची :

```
java -jar tabula.jar -t -p all -c 94,278,334,411,488 -o statement.csv statement.pdf
```

`-t` म्हणजे रेघांवर न जाता जागेवरून तोड, आणि `-c` नंतर आपल्या सीमा. बँकेने पीडीएफला पासवर्ड लावला असेल तर `-s` लिहून पुढे पासवर्ड द्यायचा.

सीमा मोजताना एक चूक हमखास होते. लोक शीर्षकं बघतात आणि दोन शीर्षकांच्या बरोबर मधे सीमा धरतात. पण आकडे उजव्या कडेला लावून छापलेले असतात. 850.00 छोटा असतो, 12,45,000.00 मात्र डावीकडे लांबवर पसरतो. सीमा मधोमध धरली तर मोठ्या आकड्याचा डावा तुकडा शेजारच्या खान्यात जातो. म्हणून आकड्यांच्या रकान्यात सीमा उजव्या कडेला चिकटून, जेमतेम एक-दोन मिलिमीटर सोडून धरा. आणि मोजण्यासाठी जे पान निवडाल त्यावर वर्षातला मोठा व्यवहार असू द्या. दुरुस्ती निधीची मुदत ठेव मोडली असेल तर ते पान उत्तम.

पानाचा वरचा-खालचा भाग कापायचीही सोय टॅब्युलात आहे, ती मी इथे मुद्दाम वापरलेली नाही. पहिल्या पानावर पत्ता आणि खात्याचा तपशील असल्यामुळे तक्ता खाली सुरू होतो, पुढच्या पानांवर वर. एकच माप सगळ्या पानांना लावलं तर पुढच्या प्रत्येक पानाच्या पहिल्या काही ओळी कापल्या जातात. जास्तीच्या ओळी डोळ्यांना दिसतात आणि पुसता येतात. गेलेल्या ओळी दिसत नाहीत.

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करणं

रकाने नीट आले तरी इथे घात होतो. डबल क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक खान्याचा अर्थ स्वतः लावतं. चेक नंबर 000417 चा 417 होतो. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे सांभाळतं. आणि कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकन असेल तर 03/04/2025 ही 3 एप्रिल न राहता 4 मार्च होते. याची खूण ओळखायला सोपी आहे. महिन्याच्या 12 तारखेपर्यंतच्या तारखा खान्यात उजवीकडे चिकटलेल्या आणि 13 पासूनच्या डावीकडे दिसल्या, तर अर्ध्या तारखा उलट झाल्या आहेत आणि अर्ध्या नुसता मजकूर म्हणून पडल्या आहेत.

त्यापेक्षा कोरी शीट उघडून `Data > From Text/CSV` ने फाइल आणा, `Transform Data` दाबा आणि उजवीकडच्या यादीतली `Changed Type` ही पायरी काढून टाका. आता सगळं मजकूर म्हणून आहे. मग फक्त तारखेच्या रकान्यावर `Change Type > Using Locale` करून `Date` आणि `English (India)` निवडा. चेक नंबर मजकूरच राहू द्या, त्याची कोणी बेरीज करणार नाही. शेवटी `Close & Load` दाबून सगळं शीटवर आणा.

तारीख नसलेल्या ओळी पुसून टाकणं

आता खरा नाजूक भाग. एनईएफटीचा किंवा यूपीआयचा तपशील लांब असतो, तो दोन-तीन ओळींत मोडतो. शीटमध्ये त्या मोडलेल्या ओळींना ना तारीख असते ना रक्कम. त्या रिकाम्या वाटतात म्हणून लोक गाळणी लावून पुसतात. पण सभासदाने ‘बी 302 एप्रिल मेंटेनन्स’ असं लिहिलेलं असतं ते नेमकं त्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत. पैसे कोणाचे हे सांगणारा एकमेव दुवा जातो आणि मग खजिनदार जिन्यात भेटेल त्याला विचारत बसतो, “काका, सात तारखेचे साडेसहा हजार तुमचे का?”

पुसायचं नाही, जोडायचं. त्याआधी प्रत्येक पानावर आलेली शीर्षकं, पान क्रमांक, ‘मागील शिल्लक’ असल्या ओळी काढा, कारण एखाद्या तपशिलाचा शेवटचा तुकडा पुढच्या पानावर गेलेला असतो आणि हा कचरा मधे येतो. आणि जोडून होईपर्यंत शीट तारखेप्रमाणे किंवा कशाहीप्रमाणे सॉर्ट करू नका. तुकड्यांचा मालक कोण हे फक्त ओळींच्या क्रमावरून कळतं.

शीटमध्ये ए रकान्यात तारीख, बीमध्ये तपशील, सीमध्ये चेक नंबर, डीमध्ये नावे, ईमध्ये जमा आणि एफमध्ये शिल्लक आहे असं धरू. दुसऱ्या ओळीत आरंभीची शिल्लक, तिसरीपासून व्यवहार. एच रकान्यात प्रत्येक व्यवहाराला क्रमांक द्यायचा. तारीख दिसली की क्रमांक एकने वाढेल, नाहीतर वरचाच राहील. मग आय रकान्यात त्या क्रमांकाचे सगळे तुकडे एकत्र :

```
H3:  =IF(A3<>"",N(H2)+1,N(H2))
I3:  =TEXTJOIN("",TRUE,FILTER(B$3:B$900,H$3:H$900=H3))
```

शीट 900 ओळींहून लांब असेल तर 900 च्या जागी शेवटच्या ओळीचा क्रमांक घाला. दोन्ही सूत्रं खालपर्यंत ओढा, आय रकाना `Paste Values` ने पक्का करा आणि मगच तारीख नसलेल्या ओळी काढा. तुकडे जोडताना मधे जागा सोडलेली नाही, कारण बँका पुष्कळदा शब्द मधेच तोडतात.

हे सगळं बरोबर आहे, जर तारीख तपशिलाच्या पहिल्या ओळीसमोर छापलेली असेल तर. काही बँका तारीख आणि रक्कम तपशिलाच्या मधोमध छापतात. तीन ओळींचा तपशील, आणि तारीख दुसऱ्या ओळीसमोर. मग पहिली ओळ तारखेच्या वर येते आणि वरचं सूत्र ती आधीच्या व्यवहाराला चिकटवतं. एका सभासदाचं नाव दुसऱ्याच्या पैशांपुढे लागतं. रकमेचा कोणताही ताळा हे पकडू शकत नाही, कारण आकडे सगळे बरोबर असतात. म्हणून सूत्र लावण्याआधी मूळ पीडीएफमधला एक लांब तपशील नीट बघा. तारीख मधोमध असेल तर क्रमांक तारखेवरून न वाढवता तपशिलाच्या सुरुवातीवरून वाढवा :

```
H3:  =IF(OR(LEFT(B3,4)="NEFT",LEFT(B3,3)="UPI",LEFT(B3,4)="IMPS"),N(H2)+1,N(H2))
```

तुमच्या बँकेचे तपशील ज्या शब्दांनी सुरू होतात ते सगळे यात घाला : चेकचे, व्याजाचे, बँकेच्या आकाराचे. एखादा राहून गेला तर तो व्यवहार वरच्यात मिसळेल. ते ओळखायला एकच गाळणी लावा. एकाच क्रमांकाला दोन तारखा असतील तर तिथे शब्द राहिला आहे.

तळाची शिल्लक जुळली म्हणून समाधान मानणं

शेवटच्या ओळीतली शिल्लक पीडीएफमधूनच आलेली असते. ती जुळणारच, तिने काही सिद्ध होत नाही. ताळा करायचा तो प्रत्येक ओळीचा. बँकेने दर व्यवहारानंतरची शिल्लक छापून आपल्या हातात तपासणीचं साधन दिलेलंच आहे. जी रकान्यात हे सूत्र घाला :

```
G3:  =ROUND(F3-(F2-IF(D3="",0,D3)+IF(E3="",0,E3)),2)
```

सगळीकडे शून्य आलं तर प्रत्येक रक्कम आपल्या रकान्यात आहे. शून्य आलं नाही तर जो आकडा येतो तोच चूक काय आहे ते सांगतो.

समजा, आरंभीची शिल्लक 4,82,350.00 आहे. 3 एप्रिलला एका सभासदाचे 6,450.00 जमा झाले, शिल्लक 4,88,800.00. पाच तारखेला लिफ्टच्या देखभालीचा 28,320.00 चा चेक वटला, शिल्लक 4,60,480.00. सात तारखेला आणखी 6,450.00 जमा, शिल्लक 4,66,930.00. अकराला पाण्याचं बिल 41,875.00, शिल्लक 4,25,055.00.

आता पहिल्या ओळीतले 6,450 सरकून नावे रकान्यात गेले असते तर सूत्राच्या हिशेबाने शिल्लक 4,75,900 व्हायला हवी होती. छापील शिल्लक 4,88,800 आहे. फरक येतो 12,900, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट. फरक दुप्पट असेल तर रक्कम समोरच्या रकान्यात गेली आहे. अधिक दुप्पट म्हणजे जमा नावेत गेली, उणे दुप्पट म्हणजे नावे जमेत.

दुसऱ्या ओळीतले 28,320 चेक नंबरच्या रकान्यात जाऊन बसले तर फरक येईल उणे 28,320, म्हणजे एकपट. रक्कम दोन्हींपैकी कुठल्याच रकान्यात नाही. सात तारखेची अख्खी ओळच गळली असती तर अकरा तारखेच्या ओळीसमोर 6,450 चा फरक दिसला असता, आणि तो त्या ओळीतल्या 41,875 शी जुळला नसता. फरक स्वतःच्या ओळीतल्या कुठल्याच आकड्याशी जुळत नसेल तर वरची ओळ हरवली आहे असं समजा आणि पीडीएफचं ते पान उघडा. बहुतेक वेळा ते पानाचं टोक असतं.

काही बँका सगळ्यात नवा व्यवहार वर छापतात. तसं असेल तर आधी ओळींना अनुक्रमांक देऊन शीट उलटी करून घ्या, पण तपशिलाचे तुकडे जोडून झाल्यावर.

एक फसवी जागा उरते. रक्कम मजकूर म्हणून आली असली तरी वजाबाकी-बेरजेच्या सूत्रात एक्सेल तिचा आकडा करून घेतं आणि जी रकाना सगळा शून्य दाखवतो. पण `SUM` मजकुराला मोजतच नाही. ऑडिटरकडे जमा रकान्याची बेरीज शून्य किंवा अर्धवट जाते. म्हणून ओळीनिहाय ताळ्यानंतर डी आणि ई रकान्यांची `SUM` काढा आणि स्टेटमेंटच्या शेवटी बँकेने छापलेल्या एकूण नावे आणि एकूण जमेशी ताडून बघा. कमी पडली तर रिकाम्या रकान्यात हे सूत्र लावून आकडे खरे करून घ्या :

```
=IF(E3="","",VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(E3,CHAR(160),""),",","")))
```

मधलं `CHAR(160)` म्हणजे न दिसणारी जागा. ती पीडीएफमधून पुष्कळदा आकड्याला चिकटून येते. ताळ्यात कुठे `#VALUE!` आलं तर आधी संशय तिच्यावर घ्या. शिल्लकेपुढे `Cr` छापलेलं असेल तर तेही याच पद्धतीने काढता येतं. `Dr` मात्र नुसतं काढू नका, तिथे शिल्लक उणे करावी लागते.

स्कॅन केलेली प्रत

मागच्या कमिटीने झेरॉक्सची स्कॅन फाइल दिली असेल तर त्यात अक्षरंच नाहीत आणि टॅब्युला रिकामी सीएसव्ही देईल. आधी ओसीआरने अक्षरं ओळखून घ्यावी लागतात. तिथे 3 चा 8 होतो, स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो आणि पान किंचित तिरकं असेल तर मोजलेल्या सीमा पानाच्या तळापर्यंत पोचेस्तोवर चुकतात. तरी ओळीनिहाय ताळा इथेही कामाचा आहे. फरक 5, 50, 500 किंवा 5,000 असा आला तर 3 आणि 8 ची अदलाबदल शोधा. शिल्लकेतला आकडा चुकला असेल तर लागोपाठच्या दोन ओळींत सारखाच फरक येतो, एकात अधिक आणि एकात उणे. नावे किंवा जमेतला चुकला असेल तर फरक एकाच ओळीत येतो. पण दोन-तीन वर्षांची स्कॅन पानं असतील तर आधी शाखेत सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज देऊन त्या काळाचं स्टेटमेंट पुन्हा मेलवर मागवावं. ते मिळालं की ओसीआरचं हे सगळं काम वाचतं.